कार्यशाळेत भेटलेल्या सरांना नऊ दिवसांनी मेसेज करायचाय, काय लिहू?

मृण्मयी_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात इथे बडोद्यात दोन दिवसांची मोडी लिपीची कार्यशाळा झाली, मी गेले होते. शिकवायला पुण्याहून एक सर आले होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांच्याशी दहा मिनिटं बोलणं झालं. मी सांगितलं की आजीच्या पेटीत एक मोडी कागद आहे, त्यावरच्या तारखेत एक शब्द किड्याने खाल्लाय त्यामुळे साल लागत नाही. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि निघताना म्हणाले, "तेवढ्या तारखेचा फोटो पाठवा मला, बघू."

त्याला आज नऊ दिवस झाले. आधी घरी पाहुणे, मग धीरच होईना. त्यांनी नंबर मला स्वतः दिलेला नाही, पण कार्यशाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये आहे. टिपणाच्या शेवटच्या पानावर ईमेलही आहे. मी हे लिहून ठेवलंय:

"नमस्कार सर, ओळखलंत का? मी बडोद्याची. तुमचं लेक्चर खूपच छान झालं, खूप शिकायला मिळालं. माझ्याकडे काही जुनी मोडी कागदपत्रं आहेत, ती वाचून द्याल का? सोबत १४ फोटो पाठवतेय. तुमच्या मार्गदर्शनाची खूप गरज आहे. वेळ मिळेल तेव्हा बघा."

हे बरोबर आहे का? की आता फार उशीर झालाय?

चिंतू_रावपुरा
पाठवून टाक गं. नाही म्हणाले तर नाही म्हणाले, पुण्याहून कोणी मारायला येत नाही.

मकरपुरा_सेल्स
उशीर झाला. मी मशीनचे पार्ट विकतो, वर्षातून चार-पाच प्रदर्शनं करतो, माझा नियम चोवीस तासांचा. त्याच रात्री हॉटेलवर बसून सगळ्यांना मेसेज टाकायचा, कारण दुसऱ्या दिवशी समोरचा माणूस शंभर चेहरे विसरलेला असतो. नऊ दिवसांनी गेलात तर तुम्ही अनोळखीच. आता फोनच करा सरळ, मेसेज वाचत बसायला वेळ कोणाला आहे.

दप्तरी
मृण्मयीताई, मी अठरा-एकोणीस वर्षं जुनी कागदपत्रं वाचतो आणि अशा कार्यशाळांत शिकवतोही, त्यामुळे असे मेसेज मला येतात. पलीकडच्या खुर्चीतून कसं दिसतं ते सांगतो.

मकरपुरावाल्यांचं एवढं बरोबर आहे की चेहरा विसरायला होतो. चाळीस जणांत कोण कुठे बसलं होतं हे मला दुसऱ्या दिवशीही सांगता येत नाही. पण "तारखेतला शब्द किड्याने खाल्लाय" हे मी महिनाभर विसरत नाही, कारण ते कोडं आहे आणि ते डोक्यात राहतं. म्हणून नऊ दिवसांनी काही बिघडलेलं नाही. त्यात त्यांनी स्वतःहून "पाठवा" म्हटलंय. उशिराची माफी मागत दोन ओळी घालवू नका, फोन तर अजिबात नको.

आता तुमचा मसुदा. "ओळखलंत का" ने सुरुवात झाली की आमची परीक्षा सुरू होते. नाही ओळखलं तर आम्ही ओशाळतो, आणि ओशाळलेला माणूस उत्तर उद्यावर टाकतो. फोनवर मेसेज आला की पडद्यावर पहिली ओळच दिसते, आणि तुमच्या पहिल्या ओळीत कागदाचं नावच नाही. दुसरं, त्यांनी मागितला एक फोटो आणि तुम्ही देताय चौदा. "वाचून द्याल का" हे दिसायला लहान वाक्य आहे. मोडीचं एखादं पान अर्ध्या तासात सुटतं आणि एखाद्या ओळीवर अख्खी संध्याकाळ जाते. चौदा फोटो बघितले की मी म्हणतो रविवारी निवांत बघू, आणि तो रविवार काही येत नाही. हे मी मुद्दाम करत नाही, पण माझ्याच फोनमध्ये असे तीन-चार मेसेज आत्ता पडून आहेत, त्याचं वाईटही वाटतं.

उभ्या-उभ्या दोन मिनिटांत उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा. तारखेची एक ओळ आणि त्या ओळीबद्दल एक प्रश्न. आणि तुम्हाला स्वतःला काय लागलं ते आधी लिहा, मग चूक दाखवायला का होईना माणूस उत्तर देतोच.

लष्करवाला_ग्वाल्हेर
वा, मोडीवर धागा! आमच्या घरी पण शिंद्यांच्या काळातली कागदं आहेत, काकांनी ट्रंकेत ठेवलीत. ग्वाल्हेरला मोडी शिकवणारं कोणी माहीत आहे का? ऑनलाइन क्लास असला तरी चालेल, फी किती असते?

मृण्मयी_दांडियाबाजार
@लष्करवाला, क्लासचं वेगळा धागा काढा ना प्लीज, मी पण वाचेन.
@दप्तरी, खूप आभार. चौदा फोटो मी अशासाठी घेतले की त्यांना निवड करता यावी. असं ओझं होईल हे डोक्यातच आलं नाही.

स्नेहल_राजवाडा
इंदूरहून. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आमच्याकडे परिषदा पुष्कळ होतात. मला जरा वेगळं म्हणायचंय. ग्रुपमधून नंबर उचलून खासगी मेसेज करू नका. तो नंबर त्यांनी कार्यशाळेच्या कामासाठी दिलेला असतो. मला एका परिषदेनंतर ग्रुपमधल्या सहा अनोळखी लोकांचे मेसेज आले, त्यातले दोन रात्री अकरानंतर. एकाने तर रोज सकाळी फुलांचे फोटो सुरू केले. टिपणावर ईमेल आहे ना, मग तोच रस्ता त्यांनी उघडा ठेवलाय.

मकरपुरा_सेल्स
ईमेल म्हणजे विहिरीत दगड. आपल्याकडे ईमेल बघतं कोण? "फोटो पाठवा मला" म्हटलं म्हणजे व्हॉट्सॅपवरच, हे कोणीही सांगेल.

स्नेहल_राजवाडा
ते तुमच्या धंद्यात असेल भाऊ, तिथे कार्ड देतातच मेसेज यावा म्हणून. शिकवणारे, संशोधन करणारे लोक ईमेल बघतात.

आजोबा_सुरसागर
माझं वय ७४. आमच्या वेळी पोस्टकार्ड टाकत असू. पोस्टकार्डाला जागाच तेवढी, त्यामुळे माणूस आपोआप मुद्द्याचं लिहायचा, आणि जोडकार्ड पाठवलं तर उत्तर हटकून यायचं कारण पलीकडच्याला फक्त लिहून पेटीत टाकायचं. मृण्मयी, तू कोणाची गं? दांडियाबाजारात आमचे बरेच लोक आहेत.

दप्तरी
आजोबांनी जोडकार्डाचं फार नेमकं सांगितलं. उत्तर देणं जेवढं सोपं कराल तेवढं ते येतं.

ईमेल की व्हॉट्सॅप याबद्दल मी स्नेहलताईंच्या बाजूला झुकतो, पण पूर्ण नाही. मला स्वतःला व्हॉट्सॅप चालतं, माझ्या एका सहकाऱ्याला संताप येतो. छापील टिपणात ईमेल दिलाय म्हणजे तिथे लिहिलेलं त्यांना नक्की चालेल, नंबराबद्दल तशी खात्री नाही. शिवाय ईमेलवर फोटो मूळ आकारात जातो. व्हॉट्सॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो दाबून लहान होतो आणि पुसट शाईच्या कडा जातात. तिथे पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो.

ताई, ती तारखेची ओळ इथे टाइप करा बघू.

मृण्मयी_दांडियाबाजार
मला लागलं तेवढं असं: "छ ९ सफर सु॥ सलास", मग भोक, मग अर्धवट अक्षर आणि "न", पुढे "मया व अलफ" स्पष्ट आहे.

म्हणजे सलास ३, मया १००, अलफ १०००, मधला दशक गेला. भोकाआधी वेलांटीची शेपटी दिसते असं मला वाटतं. म्हणून "सितैन" नाहीतर "तिसैन". सितैन असेल तर ११६३ आणि तिसैन असेल तर ११९३. दोन्ही शब्दांत अक्षरं तीच, फक्त उलटसुलट, आणि फरक सरळ तीस वर्षांचा! दुसरं अक्षर त की स हे कळलं की सुटलं, पण घडी नेमकी तिथूनच गेलीय.

कोठी_रोड
सोप्पं आहे, सु॥ म्हणजे शुहूर सन, त्यात ६०० मिळवले की इसवी सन. १७६३ नाहीतर १७९३. मेसेजमध्ये हे लिहा म्हणजे सरांना कळेल की मुलीचा अभ्यास आहे.

दप्तरी
@कोठी_रोड, निम्मं बरोबर. शुहूर साल मृगाला बदलतं, मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला. तिथून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून महिना बघितल्याशिवाय बेरीज करायची नाही. पानिपताची लढाई जानेवारी १७६१ ची, शुहूर ११६१, तिथे ६०० जुळतात. इथे सफर आहे. हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात, म्हणून त्या त्या वर्षीचा सफर कुठे पडला ते बघावं लागतं. ११६३ धरलं तर तो ऑगस्ट-सप्टेंबरात येतो आणि ११९३ धरलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात. दोन्हीकडे ५९९ च. म्हणजे १७६२ किंवा १७९२.

आणि ताई, तुम्ही आत्ता जे लिहिलंत ना, सितैन की तिसैन, हाच तुमचा मेसेज आहे. "खूप शिकायला मिळालं" असं वेगळं सांगायची गरजच उरत नाही, जे शिकवलं ते तुम्ही वापरलंत हे त्यांना दिसेल.

चिंतू_रावपुरा
मला एक अक्षर कळलं नाही पण सॉलिड सस्पेन्स आहे. १७६२ की १७९२, पैज लावा.

मृण्मयी_दांडियाबाजार
दुसरा मसुदा. ईमेलचा विषय: "बडोदा कार्यशाळा – किड्याने खाल्लेली तारीख, सितैन की तिसैन?"

"सर, सप्रेम नमस्कार.
बडोद्याच्या मोडी कार्यशाळेत दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी आजीच्या पेटीतल्या कागदाबद्दल बोलले होते. तारखेचा फोटो पाठवा असं आपण म्हणाला होतात, तो सोबत जोडला आहे.
मला लागलेलं वाचन: छ ९ सफर सु॥ सलास (…)न मया व अलफ. भोकाआधी वेलांटी दिसते म्हणून सितैन किंवा तिसैन वाटतं, म्हणजे इ.स. १७६२ किंवा १७९२.
घडीवर जे अर्धं अक्षर उरलं आहे ते आपल्याला त वाटतं की स? एवढंच विचारायचं आहे.
आपली,
मृण्मयी, बडोदा"

स्नेहल_राजवाडा
छान आहे! एकच, खाली पूर्ण नाव लिही. नुसतं मृण्मयी म्हटलं तर पुढच्या वेळी त्यांना शोधता येणार नाही.

आजोबा_सुरसागर
"सप्रेम" काढ. वडीलधाऱ्या परक्या माणसाला "सादर नमस्कार".

दप्तरी
आजोबांचं ऐका. फोटो दोन जोडा, एक तारखेच्या ओळीचा जवळून आणि एक अख्ख्या कागदाचा, कारण त स ठरवायला त्याच लेखकाचे बाकीचे त आणि स बघावे लागतात. त्याच्याहून जास्त नको. "एवढंच विचारायचं आहे" हे वाक्य ठेवा, वाचणाऱ्याला हायसं वाटतं. आणि "कोणत्याही शब्दाबद्दल सांगितलंत तरी चालेल" वगैरे शेपूट जोडू नका.

मृण्मयी_दांडियाबाजार
पाठवला! मंगळवार, सकाळी साडेदहा.

मृण्मयी_दांडियाबाजार
आज शनिवार. काहीच नाही. ग्रुपवर मात्र सरांनी काल कोणाला तरी "धन्यवाद" लिहिलं. म्हणजे फोन बघतायत. व्हॉट्सॅपवर एक ओळ टाकू का, की ईमेल केलाय म्हणून?

मकरपुरा_सेल्स
बघा, सांगितलं होतं. टाका व्हॉट्सॅपवर.

स्नेहल_राजवाडा
अजिबात नको, चारच दिवस झालेत. ग्रुपवर धन्यवाद लिहायला दोन सेकंद लागतात, तुझं अक्षर बघायला भिंग लागेल. आणि तुम्ही बघितलंत हे मी बघितलंय असं कळलं की माणूस अंग काढतो.

माझंच सांगते. भोपाळला एका मॅडमशी खांद्याच्या एका व्यायामावर बोलणं झालं, मी मेल केला, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी "मॅडम, मेल बघितला का?" पाचव्या दिवशी नुसतं प्रश्नचिन्ह. अजून वाटतं की ते प्रश्नचिन्ह मी पाठवायला नको होतं. दीड वर्षाने दुसऱ्या परिषदेत भेटल्या तेव्हा छान बोलल्या, पण मेलचा विषय दोघींनीही काढला नाही.

दप्तरी
आठ-दहा दिवस थांबा. नंतर एकदाच, त्याच ईमेलच्या खाली. पण नुसतं "आठवण करून देते" लिहिलंत तर त्यांच्या हातात नवीन काही पडत नाही. या मधल्या दिवसांत कागदाचा बाकीचा मजकूर स्वतः वाचा. एखादं माणसाचं नाव, गावाचं नाव लागतंय का बघा. ते घेऊन लिहा. त्यावरही उत्तर आलं नाही तर मग सोडून द्या, तिसरा मेसेज मी कधी कोणाला सुचवत नाही.

लष्करवाला_ग्वाल्हेर
माझा एक प्रश्न, क्लासचा नाही. विचारायला असं काहीच नसेल, नुसती ओळख टिकवायची असेल तर काय लिहायचं? मी एका जलसंधारणाच्या चर्चासत्राला गेलो होतो, तिथे एका बाईंशी आमच्या भागातल्या जुन्या बावड्यांवर गप्पा झाल्या. "संपर्कात राहू" म्हणालो दोघंही. पुढे काय?

दप्तरी
बावडीचा फोटो काढा आणि पाठवा, ती कुठे आहे आणि आत्ता मे महिन्यात पाणी किती पायऱ्यांवर आहे ते लिहून. बोलताना जी गोष्ट निघाली होती तीच एक पाऊल पुढे न्यायची. प्रश्न नसला तरी चालतो. मात्र मग उत्तराची वाट बघायची नाही.

लष्करवाला_ग्वाल्हेर
पायऱ्या मोजून येतो रविवारी.

कोठी_रोड
मला हे पटत नाही पूर्ण. सगळ्याच ओळखी कामाच्या कशाला करायच्या? "तुमच्याशी बोलून बरं वाटलं" एवढं लिहिलं तर काय बिघडतं? मला असा मेसेज आला तर आनंदच होईल.

स्नेहल_राजवाडा
आनंद होईल हो, पण उत्तर काय द्याल? "मलाही." आणि तिथेच संपतं.

कोठी_रोड
संपू दे की. बरं वाटलं ते वाटलंच ना.

मृण्मयी_दांडियाबाजार
अपडेट. सहाव्या ओळीत "मानाजी" लागलं!! त्याच्या पुढे "गायक" आणि मग कागद फाटलाय. मी उड्याच मारल्या. बडोद्याचे फत्तेसिंगराव गायकवाड १७८९ ला गेले आणि मानाजीरावांकडे कारभार आला, १७९३ पर्यंत. म्हणजे १७९२ बसतं! दहावा दिवस होता, त्याच ईमेलखाली एवढंच लिहिलं:

"सर, सहाव्या ओळीत 'मानाजी गायक…' असं वाचते आहे, फोटो जोडला आहे. हे वाचन बरोबर असेल तर तिसैन, म्हणजे १७९२ कडे झुकतं का?"

आणि सरांचं उत्तर दोन तासांत आलं! प्रवासात होते म्हणाले. त्यांनी लिहिलंय की मानाजी वाचन ठीक वाटतं, पण नुसत्या नावावर साल ठरवू नका, कागद मूळ आहे की नंतर केलेली नक्कल ते आधी बघा, कारण इनामाच्या दाव्यांसाठी अशा नकला पुष्कळ केल्या जात आणि नक्कल करणारा तारीख चुकू शकतो. अक्षर त की स हे या फोटोवरून सांगता येत नाही असंही स्पष्ट लिहिलंय. खिडकीपाशी कागद सपाट ठेवून एका बाजूने तिरपा उजेड पडेल असा फोटो काढा म्हणाले, बोरूचा दाब पडलेला असला तर दिसेल. आणि शेवटी, "घडीला सेलोटेप लावू नका, इस्त्री तर मुळीच नको."

चिंतू_रावपुरा
म्हणजे पैज अजून चालू.

मकरपुरा_सेल्स
दोन तासांत ईमेलला उत्तर. मानलं. माझ्या गिऱ्हाइकांना मात्र मी व्हॉट्सॅपच करणार. पण पुढच्या प्रदर्शनात कार्डाच्या मागे लिहून ठेवेन कोणाशी काय बोललो ते, हे मी करत नव्हतो. सगळ्यांना एकच मेसेज जायचा माझा.

आजोबा_सुरसागर
आम्ही डायरीत लिहायचो. मृण्मयी, अजून सांगितलं नाहीस तू कोणाची.

मृण्मयी_दांडियाबाजार
आजोबा, तुम्हाला वेगळा निरोप टाकते घरचं सांगायला.

@दप्तरी, आता लगेच "धन्यवाद सर" पाठवू की फोटो काढून एकदमच? आज आभाळ आहे, उजेड नाही.

दप्तरी
आज एक ओळ पाठवा, "उजेड मिळाला की फोटो काढून पाठवते". नाहीतर मिळालं की नाही हे त्यांना कळणार नाही. आणि नक्कल असेल तर कागदाच्या डोक्यावर किंवा पाठीमागे तसा शेरा असू शकतो, पाठची बाजू बघितलीत का?

मृण्मयी_दांडियाबाजार
पाठीमागे आजीने जुना कागद डकवलाय खळीने. तो काढायचा नाही ना?

दप्तरी
हात लावू नका! हेच त्यांना विचारा, फोटोबरोबर.